जोडकामाचे फर्निचर: ओळख आणि मोल

जुन्या फर्निचरच्या व्यापारात ‘मॅरेज’ हा शब्द ज्या वस्तूंसाठी वापरला जातो, त्यांचे सर्व भाग खरोखर जुने असतात, परंतु ते भाग मुळात एकमेकांसाठी घडवलेले नसतात. एका घरातील मेजावर दुसऱ्या घरातील कपाट चढवले जाते किंवा एका टेबलाच्या पायांवर दुसऱ्या टेबलाची फळी बसवली जाते, आणि ही जोडणी मूळचीच आहे असे भासवून, कधी तसा उल्लेखही न करता, वस्तू विकली जाते. अशा वस्तूला नक्कल म्हणता येत नाही, कारण तिच्यातील लाकूड, कारागिरी आणि वय यांपैकी काहीही खोटे नसते. खोटे असते ते फक्त दोन भागांमधील नाते. त्यामुळेच लाकडाचे वय तपासण्याच्या नेहमीच्या कसोट्या येथे अपुऱ्या पडतात. वरचा भाग जुना आहे काय आणि खालचा भाग जुना आहे काय, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली तरी मुख्य प्रश्न शिल्लकच राहतो, आणि तो म्हणजे हे दोन भाग एकाच कारखान्यात, एकाच वेळी आणि एकमेकांच्या मापाने घडले होते काय. या प्रकरणात अशा वस्तूला ‘जोडकाम’ असे म्हटले आहे.

जोडकामाचा सर्वाधिक सुळसुळाट अठराव्या शतकातील इंग्लिश फर्निचरमध्ये, आणि त्यातही ‘ब्यूरो-बुककेस’ या प्रकारात आढळतो. ब्यूरो म्हणजे खाली खणांची रांग आणि वर उतरत्या झाकणाचे लिहिण्याचे मेज; झाकण पुढे उघडले की ते आडवे होऊन लिहिण्याची फळी बनते आणि आत कागदपत्रांसाठी लहान कप्पे असतात. या मेजावर काचेच्या किंवा लाकडी दारांचे पुस्तकांचे कपाट बसवले की त्याची ब्यूरो-बुककेस होते. उंची सात फुटांच्या आसपास असल्यामुळे ती अखंड घडवणे किंवा जिन्यावरून नेणे शक्य नव्हते, म्हणून ती पहिल्यापासूनच दोन सुट्या भागांत घडवली जाई आणि वरचा भाग खालच्यावर केवळ ठेवला जाई किंवा काही स्क्रूंनी धरून ठेवला जाई. पुढच्या दोनशे वर्षांत वाटण्या झाल्या, बुटक्या छतांच्या घरांत स्थलांतरे झाली, आगी लागल्या, छपरे गळली आणि असंख्य जोड्या फुटल्या. काही ठिकाणी कपाट उरले, काही ठिकाणी मेज. याच्या भरीला, मुळात एकटेच घडवलेले ब्यूरो संख्येने पुष्कळ होते आणि त्यांची किंमत पूर्ण ब्यूरो-बुककेसच्या किमतीच्या तुलनेत फारच कमी होती. एकट्या ब्यूरोवर कुठले तरी अनाथ कपाट चढवले की किंमत कित्येक पटींनी वाढत असल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, जुन्या फर्निचरला जसजसे गिऱ्हाईक वाढले, तसतसा हा उद्योगही वाढला. हर्बर्ट सेस्किन्स्की या इंग्लिश अभ्यासकाने जुन्या फर्निचरमधील बनावटीवर एक पूर्ण ग्रंथ 1931 साली प्रसिद्ध केला, यावरून त्या काळापर्यंत ही विद्या किती मुरलेली होती याची कल्पना येते.

जोडकाम ओळखण्याचा पाया अठराव्या शतकातील सुताराच्या हिशेबी वृत्तीत आहे. महोगनी हे वेस्ट इंडीजमधून येणारे महाग लाकूड होते. ब्रिटनने 1721 च्या कायद्याने आपल्या वसाहतींतील लाकडावरची आयात जकात काढून टाकल्यानंतर त्याची आवक वाढली, तरीही कारागीर ते फक्त जेथे दिसेल तेथेच वापरत असे. पाठीच्या फळ्या, खणांच्या बाजू, आतील आधार आणि दुसऱ्या भागाखाली झाकला जाणारा पृष्ठभाग या सर्वांसाठी पाइन किंवा ओक ही स्वस्त लाकडे पुरेशी होती, आणि अशा जागी रंधाही बेताचाच फिरवला जाई, पॉलिश तर मुळीच केले जात नसे. लाकूड वाया घालवायचे नाही आणि मजुरीही वाया घालवायची नाही, ही काटकसर इतकी सार्वत्रिक होती की तिचा भंग दिसला की त्याचे कारण शोधावेच लागते.

एक कल्पित, परंतु या व्यापारात नेहमी दिसणाऱ्या नमुन्यावर बेतलेले उदाहरण घेतल्यास तपासणीचा क्रम स्पष्ट होईल. लिलावाच्या दालनात महोगनीची एक ब्यूरो-बुककेस उभी आहे असे समजू. खालचा ब्यूरो तीन फूट दोन इंच रुंद असून 1760 च्या सुमाराचा आहे, आणि वर तेरा-तेरा काचांच्या भौमितिक जाळीची दोन दारे असलेले कपाट आहे. समोरून पाहता रंग जुळलेला आहे आणि एकंदर प्रमाणही वाईट नाही. तपासणारा जाणकार मात्र समोर फार वेळ थांबत नाही. तो वरचे कपाट उतरवून घेण्याची विनंती करतो, कारण सर्वांत बोलका पुरावा त्याखाली दडलेला असतो.

कपाटासाठीच घडवलेल्या ब्यूरोचा माथा कच्चा असतो. पाइनची फळी, तिच्यावर रंध्याच्या ओबडधोबड खुणा आणि फार तर पुढे व बाजूंना दिसणारी महोगनीची अरुंद कडा, इतकेच तेथे अपेक्षित असते. कारण उरलेला भाग कपाटाखाली कायमचा झाकला जाणार हे सुताराला ठाऊक होते. आपल्या उदाहरणात कपाट उतरवल्यावर ब्यूरोचा माथा एका अखंड, निवडक महोगनीच्या फळीचा निघतो. तिच्यावर जुने पॉलिश आहे, शाईचे डाग आहेत आणि फुलदाणीच्या किंवा मेणबत्तीच्या ठाणाच्या तळाचे गोल ओरखडे आहेत. माथा वर्षानुवर्षे उघडा होता आणि वापरात होता, म्हणजेच हा ब्यूरो एकटाच जन्मला आणि बराच काळ एकटाच राहिला, एवढा निष्कर्ष या एका पृष्ठभागावरून निघतो.

ही कसोटी व्यापाऱ्यांनाही माहीत असल्यामुळे तिच्यावरचे उपायही जुने आहेत. ब्यूरोचा माथा व्हिनियरचा, म्हणजे स्वस्त लाकडावर किमती लाकडाचा पातळ पापुद्रा सरसाने चिकटवलेला, असेल तर तो पापुद्रा सोलून काढता येतो आणि खालचे पाइन उघडे पडते. अशा वेळी माथ्यावर प्रकाश अगदी तिरपा टाकून पाहतात. व्हिनियर चिकटवण्यापूर्वी सरसाने धरावे म्हणून खालच्या लाकडावर दातेरी पात्याचा रंधा फिरवण्याची पद्धत होती, आणि त्या दात्यांचे बारीक समांतर ओरखडे पापुद्रा काढल्यानंतरही राहतात. कच्चीच राहणार असलेल्या फळीवर असे ओरखडे काढण्याचे काहीच कारण नव्हते. शिवाय उघड्या लाकडाचा रंग हवेने आणि धुळीने वर्षानुवर्षे हळूहळू गडद होत जातो. अलीकडे उघडे पडलेले लाकूड फिकट दिसते, आणि ते लपवण्यासाठी लावलेला रंग कोपऱ्यांपासून मध्यापर्यंत संशयास्पद एकसारखा असतो, तर खऱ्या काळवंडण्यात हवेच्या आणि हातांच्या संपर्कानुसार कमी-जास्तपणा असतो.

यानंतर दोन भागांच्या सांध्याकडे पाहावे लागते. वरचे कपाट खालच्या मेजापेक्षा रुंदीने आणि खोलीने थोडे लहान असते, आणि त्याच्या बुडाभोवती एक नक्षीदार पट्टी असते, जी बहुधा खालच्या भागाला जोडलेली असून कपाट तिच्या कुंपणात बसते. मूळ जोडीत कपाट या कुंपणात जेमतेम फटीने बसते. जोडकामात मापे जुळण्याचा योग क्वचितच येतो, म्हणून पट्टी नव्याने करून घेतलेली असते, आणि ती अंतर झाकण्यासाठी गरजेपेक्षा रुंद असते. उदाहरणातील पट्टीचे लाकूड ब्यूरोच्या लाकडापेक्षा सरळ रेषांचे आणि कमी दाट आहे, आणि ती काढून पाहिल्यास तिच्या मागचा ब्यूरोचा पृष्ठभागही पॉलिश केलेला निघतो.

मापे जुळत नसली की बहुधा वरचा भाग कापला जातो, आणि जोडकामाचे खरे नुकसान येथेच होते. या कपाटाचे मूळ एखाद्या मोठ्या ग्रंथालयाच्या लांब कपाटात असावे, कारण अशा कपाटांचे बाजूचे भाग सुटे करून वापरणे सोयीचे ठरे. साडेतीन फूट रुंद भाग तीन फुटांवर आणताना सुताराला चार ठिकाणी हात घालावा लागला आहे, आणि चारही ठिकाणी त्याने खुणा ठेवल्या आहेत. दाराच्या चौकटीचा जो उभा दांडा बिजागरीकडे आहे तो मधल्या, म्हणजे जेथे दोन दारे मिळतात त्या, दांड्यापेक्षा बराच अरुंद आहे, आणि बाहेरच्या ओळीतील काचा आतल्या काचांपेक्षा चिंचोळ्या झाल्यामुळे जाळीची भूमिती दाराच्या मध्याशी जुळत नाही. अठराव्या शतकातील कारागीर ही जाळी दाराच्या मापावरून आखत असे. अर्धवट तुटलेली आकृती त्याने मुद्दाम केली असे मानणे कठीण आहे. माथ्यावरील कॉर्निस, म्हणजे पुढे आलेली नक्षीची पट्टी, कोपऱ्यांवर शाबूत आहे, पण मध्यभागी तिच्या दातांच्या रांगेत एके ठिकाणी अर्धाच दात आहे. कोपरे नीट दिसावेत म्हणून ते जपले गेले आणि जादा लांबी मधून कापून टाकली गेली. कपाटाची खोली मागच्या बाजूने कमी केलेली आहे, त्यामुळे पाठीच्या फळ्या बसवण्याची खाच नवी आहे आणि आतील आडव्या फळ्यांच्या मागच्या कडा समोरच्या कडांपेक्षा फिकट आणि टोकदार आहेत.

येथे लाकूडकिड्याचीही साक्ष उपयोगी पडते. किडा लाकडाच्या आत वेडेवाकडे बोगदे करतो आणि बाहेर पडताना पृष्ठभागावर लहान गोल छिद्र पाडतो. म्हणून जुन्या पृष्ठभागावर गोल छिद्रे दिसणे स्वाभाविक आहे, पण बोगदे लांबीने उघडे पडून पन्हळीसारखे दिसत असतील तर ते लाकूड किडा लागल्यानंतर कापले गेले आहे एवढे निश्चित होते. आपल्या कपाटाच्या मागील कडेवर असेच उघडे बोगदे आहेत. अर्थात किडलेला भाग प्रामाणिक दुरुस्तीतही कापून टाकला जातो, म्हणून हा पुरावा इतर पुराव्यांच्या बरोबरीनेच वाचायला हवा.

दोन्ही भागांत खण असतील तर त्यांची तुलना सर्वांत विश्वासार्ह ठरते. उंच दुहेरी खणपेटी, जिला इंग्लंडमध्ये ‘टॉलबॉय’ म्हणतात, तिच्या बाबतीत हे विशेष लागू पडते. खणाच्या पुढच्या आणि बाजूच्या फळ्या डव्हटेल सांध्याने, म्हणजे पारव्याच्या शेपटीप्रमाणे रुंदावत जाणाऱ्या जिभा एकमेकांत अडकवून, जोडलेल्या असतात. या जिभांचा कोन, त्यांच्यामधील अंतर आणि कापण्यापूर्वी आखणीच्या सुईने ओढलेली रेघ ही प्रत्येक कारागिराच्या हाताची खूण असते. खणाच्या तळाच्या फळीत लाकडाच्या रेषा कोणत्या दिशेने जातात हेही पाहतात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या सामान्यतः समोरून मागे जात आणि नंतर डावीकडून उजवीकडे जाऊ लागल्या, त्यामुळे एकाच पेटीच्या वरच्या खणांत एक दिशा आणि खालच्या खणांत दुसरी असेल तर ते दोन भाग एकाच कारखान्यातून एकाच वर्षी निघाले असण्याची शक्यता फार कमी उरते. खणांच्या दर्शनी फळीच्या आतल्या बाजूस मुठींची जुनी, बुजवलेली छिद्रे मोजून पाहणेही आवश्यक असते. मुठी फॅशनप्रमाणे बदलत आल्या आहेत, त्यामुळे बुजवलेली छिद्रे असणे हा दोष नव्हे. पण मूळ जोडीत वरच्या आणि खालच्या खणांवरील मुठी सहसा एकाच वेळी बदलल्या जातात, आणि छिद्रांच्या जोड्यांचा इतिहास दोन्ही भागांत सारखा असतो.

या कसोट्यांना मर्यादा आहेत, आणि त्या न ओळखल्याने अस्सल वस्तूंवरही अन्याय झालेला आहे. पाठीच्या फळ्यांचे उदाहरण यासाठी महत्त्वाचे आहे. दोन्ही भागांच्या पाठी सारख्या हव्यात असा नियम अनेकदा सांगितला जातो, आणि टॉलबॉयच्या बाबतीत तो बहुतांशी खराही आहे, परंतु ब्यूरो-बुककेसमध्ये तो डोळे मिटून लावता येत नाही. काचेच्या दारांमागे कपाटाची पाठ आतून दिसते, म्हणून ती चौकटीत बसवलेल्या तावदानांची आणि नीट तासलेली असू शकते, तर ब्यूरोची पाठ भिंतीकडेच असल्यामुळे साध्या फळ्या ठोकून भागवलेले असते. येथे फरक हाच मूळ काटकसरीचा परिणाम आहे. मोठ्या कारखान्यात वरचा भाग एका कारागिराने आणि खालचा दुसऱ्याने केल्याचीही शक्यता असते, त्यामुळे केवळ डव्हटेलच्या फरकावर निकाल देणे घाईचे ठरते. निष्कर्षासाठी स्वतंत्र स्वरूपाचे तीन-चार पुरावे एकाच दिशेने जावे लागतात. उलट बाजूने एक पुरावा मात्र एकट्यानेच निर्णायक ठरतो, तो म्हणजे झाकल्या जाणाऱ्या जागी सापडलेला, वापराने झिजलेला पॉलिश पृष्ठभाग, कारण त्याचे निर्दोष स्पष्टीकरण सहसा एकच उरते: पहिल्या मालकाने काही वर्षांनी त्याच सुताराकडून वरचे कपाट करवून घेतले. तसे घडले असेल तर त्याला हिशेबवहीतील नोंदीचा किंवा घराच्या जुन्या यादीचा आधार मागितला पाहिजे.

सगळीच जोडणी सारखी नसते हे गोव्यात सतराव्या शतकात पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी घडलेल्या पेट्यांवरून चांगले कळते. सागवान आणि शिसवी किंवा आबनूस यांचे जडावकाम असलेल्या, अनेक लहान खणांच्या या पेट्या ‘कोंतादोर’ नावाने ओळखल्या जातात, आणि कित्येकांना मत्स्यकन्येसारख्या किंवा नागाकृती कोरीव पायांची त्यांचीच जुळती बैठक असते. मूळ बैठकीसह टिकलेली पेटी आणि युरोपात पोहोचल्यावर नव्या बैठकीवर चढवलेली पेटी यांच्यात अभ्यासकाच्या दृष्टीने मोठा फरक आहे, पण दुसऱ्या प्रकारालाही फसवणूक म्हणता येत नाही. त्याच काळात जपानहून लाखकामाच्या पेट्या इंग्लंडात येत, आणि तेथील श्रीमंत त्यांच्यासाठी सोनेरी मुलाम्याच्या कोरीव बैठका ताबडतोब करवून घेत. पेटी जपानी आणि बैठक इंग्लिश असली तरी ती जोडी सतराव्या शतकातच, पहिल्या मालकाच्या इच्छेने जुळलेली आहे, आणि तिला तोच मान मिळतो जो एकसंध वस्तूला मिळतो. जोडणी कधी झाली आणि कोणत्या हेतूने झाली, या दोन प्रश्नांवर तिचे मोल ठरते.

लिलावाच्या सूचीतील शब्द याच दृष्टीने वाचावे लागतात. वरच्या भागाला ‘असोशिएटेड’ म्हटले असेल तर तो साधारण त्याच काळातला, पण मूळचा नव्हे, असे लिलावगृह कबूल करत असते. ‘मॅरेज’ हा शब्द अधिक स्पष्ट आहे. ‘अडॅप्टेड’ म्हणजे मूळ वस्तूत कापाकाप करून बदल केलेला आहे, आणि ‘अंशतः अठराव्या शतकातील’ अशा अर्थाच्या शब्दप्रयोगात उरलेला अंश कोणत्या काळातला आहे हे ग्राहकाने स्वतः विचारून घ्यायचे असते. सूचीत असे शब्द लहान असतात आणि छायाचित्र मोठे असते, म्हणून वस्तूच्या अवस्थेचा लेखी अहवाल मागवणे हा खरेदीतील पहिला व्यवहार समजावा.

किमतीचे गणित केवळ बेरजेचे नाही. नाते समजावे म्हणून कल्पित आकडे घेऊ. एकट्या चांगल्या ब्यूरोची किंमत 100, एकट्या कपाटाची 60 आणि त्याच दर्जाच्या मूळ ब्यूरो-बुककेसची 500 धरली, तर जोडकामाची किंमत 500 च्या जवळ जात नाही, इतकेच नव्हे तर ती पुष्कळदा 160 लाही पोहोचत नाही. ग्राहक मूळ जोडीला जी जादा किंमत देतो ती एका कारागिराच्या एका कल्पनेला दिलेली असते, आणि ती कल्पनाच येथे नसते. त्याच्यावर कापाकापीची वजावट बसते. न कापता नुसते वर ठेवलेले कपाट पुन्हा उतरवता येते आणि दोन्ही भाग आपापल्या किमतीने विकता येतात. पण आपल्या उदाहरणातील कपाट रुंदीने आणि खोलीने कमी झाल्यामुळे कायमचे जायबंदी आहे, म्हणून त्याची स्वतंत्र किंमत 60 वरून कितीतरी खाली येते. शिल्लक राहतो तो ब्यूरो, ज्याचा झिजलेला, शाईचे डाग असलेला मूळ माथा सुदैवाने शाबूत आहे. अशा वस्तूची वाजवी बोली ब्यूरोच्या एकट्याच्या किमतीपासून सुरू करावी आणि कपाटाला केवळ उपयोगाची किंमत द्यावी, असे धोरण खरेदीदाराला सुरक्षित ठेवते.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील साध्या महोगनी फर्निचरचे भाव एकविसाव्या शतकात पुष्कळ उतरले आहेत, आणि त्याचा जोडकामावर दुहेरी परिणाम झालेला दिसतो. सामान्य जोडकामे आता चांगल्या नव्या कपाटाच्या स्पर्धेत, केवळ घरातील उपयोगासाठी विकली जातात. जुन्या वस्तूंचे संग्राहक त्यांच्याकडे वळत नाहीत. दुसरीकडे, एकटा ब्यूरोही स्वस्त झाल्यामुळे नवी जोडकामे करण्यात पूर्वीइतका नफा उरलेला नाही, आणि बाजारात फिरणारी बहुतेक जोडकामे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची आहेत. इतक्या काळात त्यांच्या नव्या पट्ट्याही काळवंडल्या आहेत आणि चपड्याचे पॉलिश दोन्ही भागांवर एकसारखे मुरले आहे, त्यामुळे वरवरच्या रंगावरून ती ओळखणे दिवसेंदिवस अधिक कठीण होत चालले आहे. कपाट उतरवून माथा पाहणे, खण बाहेर काढून उलटे करणे आणि दारांच्या दांड्यांची रुंदी फूटपट्टीने मोजणे, ही तीन कामे मात्र काळाच्या या थराखालीही पूर्वीइतकीच उपयोगी पडतात, आणि विक्रेता त्यांना परवानगी देत नसेल तर बोली ब्यूरोच्या किमतीवरही नेऊ नये.